बारा शब्द कुठेच पाठवले जात नाहीत, तरी पेमेंट मंजूर कसे होते

प्रश्न : "वॉलेट सुरू करताना बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहायला लावले, पण पैसे पाठवताना ते एकदाही विचारले नाहीत, फक्त सहा आकडी पिन मागितला. बँकच नाही, तर हे पेमेंट मंजूर केलं कोणी? आणि फोन हरवला तर हेच शब्द नव्या फोनमध्ये टाकले की पैसे परत दिसतात म्हणे. म्हणजे ते शब्द कुठल्यातरी सर्व्हरवर जपलेले असणारच ना?"

नाही, ते शब्द कोणत्याही सर्व्हरवर नसतात, आणि पेमेंट मंजूर करणारी कोणी एक व्यक्ती किंवा संस्थाही नसते. पिन हा तुमच्या आणि तुमच्या फोनच्या मधला मामला आहे. नेटवर्कला त्याचा पत्ताही नसतो. बारा शब्दांपासून फोनच्या आतच एक प्रचंड मोठी संख्या तयार होते आणि ती संख्या म्हणजे तुमची प्रायव्हेट की. पैसे पाठवताना वॉलेट त्या संख्येच्या आधारे त्या एका व्यवहारापुरती सही तयार करते आणि जगभरातील हजारो नोड, म्हणजे हे नेटवर्क चालवणारे संगणक, ती सही गणिताने पडताळतात. फोनमधून बाहेर पडतो तो व्यवहार आणि त्यावरची सही. वॉलेटचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि लोकांची अडकलेली वॉलेट पुन्हा उघडून देणे हेच माझे काम असल्यामुळे, हे सगळे कसे घडते ते एक पेमेंट समोर धरून सांगतो.

दोन गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे बारा शब्द आहेत, म्हणजे चावी तुमच्याच ताब्यात आहे असे मी धरून चाललो आहे. ईमेल आणि पासवर्डने उघडणारे एक्स्चेंजचे खाते असेल, तर चाव्या एक्स्चेंजकडे असतात, पेमेंट तेच मंजूर करते किंवा अडवते, आणि पुढचे काहीही तुम्हाला लागू होत नाही. दुसरे म्हणजे प्रत्येक साखळीची, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या जाहीर ब्लॉकचेनची, रचना थोडी वेगळी असते. मी बिटकॉइन घेतो, कारण त्यात प्रत्येक टप्पा उघड दिसतो. इथेरियममध्ये काय बदलते ते नंतर थोडक्यात येईल.

फोनमध्ये बिटकॉइन ठेवलेले नसतात, इथून सुरुवात करू. बिटकॉइनच्या साखळीत खाती आणि शिल्लक असा प्रकारच नाही. तिथे फक्त नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी असतात : एक रक्कम, आणि ती खर्च करायची तर कोणती अट पूर्ण करावी लागेल ते. तुम्हाला कोणी पैसे पाठवतो तेव्हा तो "ही रक्कम अमुक चावीची सही दाखवणाऱ्यालाच खर्च करता येईल" अशी अट घालून एक नवी नोंद तयार करतो. तुमचा पत्ता म्हणजे त्या अटीचेच संक्षिप्त रूप. तेव्हा मंजुरीचा नियम पैसे येतानाच त्या रकमेला चिकटलेला असतो. खर्च करताना कोणाची परवानगी मागायची नसते, आधीच लिहिलेली अट पुरी करून दाखवायची असते. वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक ही तुमच्या चाव्यांशी जुळणाऱ्या, अजून न खर्चलेल्या अशा सगळ्या नोंदींची बेरीज असते.

आता ते बारा शब्द. ते सहजासहजी सुचलेले नाहीत आणि वॉलेट बनवणाऱ्याने तुम्हाला वाटून दिलेलेही नाहीत. वॉलेट पहिल्यांदा उघडल्यावर फोन १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या काढतो. कल्पनेत १२८ वेळा नाणे उडवून छापा-काटा लिहीत जाणे म्हणजे तेच. या संख्येचा SHA-256 हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने निघणारा पण उलट न फिरवता येणारा ठसा, काढून त्याचे पहिले ४ बिट शेवटी जोडतात, म्हणजे १३२ बिट होतात. त्यांचे ११-११ बिटांचे बारा तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा ० ते २०४७ मधली एक संख्या असतो, आणि BIP39 या मानकात ठरवून दिलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतला त्या क्रमांकाचा शब्द तिथे येतो. यादी जाहीर आहे, ती सगळ्यांना ठाऊक असते. गुप्त असतो तो फक्त कोणते शब्द कोणत्या क्रमाने आले हा भाग.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे १२८ च्या १२८ बिट शून्य. यादीतला शून्य क्रमांकाचा शब्द abandon आहे, म्हणून पहिले अकरा शब्द abandon येतात. बाराव्या तुकड्यात ७ बिट शून्यच असतात आणि उरलेले ४ बिट हॅशमधून येतात. या संख्येचा हॅश ३ या हेक्स अंकाने सुरू होतो, म्हणजे ते बिट ००११. म्हणून बारावा शब्द क्रमांक तीनचा, म्हणजे about. वॉलेट तपासण्यासाठी आम्ही सगळे हीच सीड फ्रेज, म्हणजे हेच बारा शब्द, वापरतो, आणि तिच्यापासून निघणारा पहिला पत्ता या क्षेत्रातल्या कित्येकांना तोंडपाठ आहे :

```
abandon abandon abandon abandon abandon abandon
abandon abandon abandon abandon abandon about

m/84'/0'/0'/0/0
bc1qcr8te4kr609gcawutmrza0j4xv80jy8z306fyu
```

या पत्त्यावर चुकूनही काही पाठवू नका. त्याची चावी जगजाहीर असल्यामुळे आलेली रक्कम दुसरीकडे वळवायला प्रोग्राम टपून बसलेले असतात. पण उदाहरण म्हणून ते फार उपयोगी आहे, कारण इंटरनेट बंद करून, कोणत्याही नीट लिहिलेल्या वॉलेटमध्ये हे शब्द आणि वरची m/84' ची ओळ दिली तरी हाच पत्ता निघतो. कुठेही विचारणा न करता उत्तर दरवेळी तेच येते, आणि यातच तुमच्या सर्व्हरच्या शंकेचे उत्तर आहे.

शब्दांपासून पत्त्यापर्यंतचा रस्ता असा आहे. शब्दांचा मजकूर PBKDF2 नावाच्या प्रक्रियेतून २०४८ वेळा घुसळला जातो आणि ५१२ बिटांचे सीड निघते. त्यातून एक मूळ चावी तयार होते, आणि मूळ चावीतून फांद्या फुटाव्यात तशा हव्या तितक्या चाव्या काढता येतात. वर लिहिलेला m/84'/0'/0'/0/0 हा त्यातल्या एका फांदीचा रस्ता आहे. त्या टोकाला मिळणारी २५६ बिटांची संख्या म्हणजे एक प्रायव्हेट की. तिला secp256k1 या वक्ररेषेवरच्या एका ठरलेल्या बिंदूने गुणले की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो, तो पब्लिक की. पब्लिक कीचा हॅश काढून तो अक्षरांत लिहिला की bc1q ने सुरू होणारा पत्ता तयार होतो. यातला प्रत्येक टप्पा पुढे जायला सोपा आहे आणि उलट यायला, आज ज्ञात असलेल्या कोणत्याही मार्गाने, व्यवहारात अशक्य आहे. पब्लिक की पाहून प्रायव्हेट की काढता येत नाही, आणि पत्ता पाहून तर पब्लिक कीसुद्धा कळत नाही.

आता पेमेंट घेऊ. समजा तुमच्या एका पत्त्यावर ०.००५ बिटकॉइनची एकच नोंद आहे. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, म्हणजे ही ५,००,००० सातोशींची नोंद झाली. तुम्हाला कोणालातरी १,८०,००० सातोशी द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये नोंद अर्धवट खर्च करता येत नाही. ती पूर्ण मोडावी लागते. म्हणून वॉलेट जो व्यवहार तयार करते त्यात एक जुनी नोंद मोडली जाते आणि दोन नव्या होतात : १,८०,००० सातोशी समोरच्याच्या पत्त्यावर, आणि उरलेली रक्कम तुमच्याच नव्या पत्त्यावर. असा एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो. प्रत्येक बाइटमागे १० सातोशी शुल्क धरले तर १,४१० सातोशी होतात, आणि तुमच्याकडे ३,१८,५९० सातोशी परत येतात. गंमत म्हणजे शुल्काची रक्कम व्यवहारात कुठेच लिहिलेली नसते. मोडलेली रक्कम वजा नव्या नोंदींची बेरीज जे उरते ते शुल्क. हाताने व्यवहार लिहिणारा माणूस स्वतःकडे परत येणारी नोंद लिहायला विसरला, तर उरलेले ३,२०,००० सातोशी शुल्क म्हणून जातात आणि नेटवर्कच्या दृष्टीने तो व्यवहार पूर्णपणे वैध असतो.

"पाठवा" दाबून तुम्ही पिन टाकता, तेव्हा पहिल्यांदा चावीचे काम सुरू होते. सीड किंवा तिच्यापासून काढलेल्या चाव्या फोनमध्ये कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवलेल्या असतात. पिन ते कुलूप उघडतो आणि तिथेच त्याचे काम संपते. मग वॉलेट व्यवहाराचा सगळा तपशील, म्हणजे कोणती जुनी नोंद, तिची रक्कम, नव्या नोंदींचे पत्ते आणि रकमा, एकत्र करून त्याचा २५६ बिटांचा हॅश काढते. या हॅशवर सही होते. बिटकॉइनच्या bc1q पत्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ECDSA सहीचे सूत्र इतके लहान आहे की ते पाहून ठेवायला हरकत नाही :

```
s = k⁻¹ · (z + r · d)  mod n
```

यात d म्हणजे तुमची प्रायव्हेट की, z म्हणजे व्यवहाराचा हॅश, k म्हणजे फक्त या सहीपुरती वापरायची गुप्त संख्या, आणि r ही k पासूनच निघालेली, पण उघड करायची संख्या. n हा त्या वक्ररेषेचा ठरलेला स्थिरांक. सही म्हणजे r आणि s ही जोडी. सूत्रात d आहे, म्हणजे चावी माहीत नसलेल्याला योग्य s काढता येत नाही. पण k सुद्धा अज्ञात आहे, म्हणजे r, s आणि z तिन्ही हातात असूनही एका समीकरणात दोन अज्ञात राहतात आणि त्यातून d सुटत नाही. "चावी माझ्याकडे आहे" हे चावी न दाखवता सिद्ध करण्याची युक्ती ती हीच.

सूत्रात z आहे हेही तितकेच महत्त्वाचे. कागदावरची सही कोणत्याही धनादेशावर सारखीच दिसते, म्हणून तर ती गिरवता येते. ही सही त्या एकाच व्यवहाराला बांधलेली असते. वाटेत कोणी समोरच्याचा पत्ता बदलला, १,८०,००० चे १,८०,००१ केले किंवा परत येणारी रक्कम स्वतःकडे वळवली, तर z पूर्णपणे वेगळा येतो आणि जुनी r, s जोडी त्याच्याशी जुळत नाही. त्यामुळे सही केलेला व्यवहार अनोळखी वायफायवरून गेला किंवा चोराच्या संगणकातून गेला, तरी त्याला तो फार तर अडवून धरता येईल. त्यात फेरफार करता येणार नाही.

व्यवहार नेटवर्कवर आला की तो मिळालेला प्रत्येक नोड स्वतःपुरती तपासणी करतो. ज्या नोंदीचा उल्लेख आहे ती खरोखर अस्तित्वात आहे का आणि अजून खर्च झालेली नाही ना, हे तो आपल्याकडच्या साखळीच्या प्रतीवरून पाहतो. व्यवहारासोबत आलेल्या पब्लिक कीचा हॅश काढून तो नोंदीवरच्या अटीशी जुळतो का ते बघतो. मग r, s, z आणि पब्लिक की वापरून वक्ररेषेवरचा एक बिंदू काढतो आणि त्यातून r परत मिळतो का ते तपासतो. शेवटी बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही ना हेही बघतो. यातली एक गोष्टही चुकली तर नोड तो व्यवहार टाकून देतो आणि पुढे पाठवत नाही. बँकेत सही पडताळायला नमुना सही बँकेने जपून ठेवलेली असावी लागते. इथे पडताळणीला लागणारे सगळे काही व्यवहारातच आणि साखळीच्या जाहीर नोंदीत असते, म्हणून ती कोणालाही करता येते आणि ती करणाऱ्यावर कोणाला विश्वास ठेवावा लागत नाही.

सही बरोबर असणे आणि पेमेंट पक्के होणे यात मात्र अंतर आहे. सही "अधिकार आहे" एवढेच सांगते. एकाच नोंदीवर दोन वेगवेगळ्या, दोन्ही बरोबर सह्या असलेले व्यवहार आले तर कोणता धरायचा हे सही सांगू शकत नाही. ते ठरते खाणकाम करणाऱ्यांपैकी, म्हणजे साखळीला नवे ब्लॉक जोडणाऱ्यांपैकी, कोणीतरी त्यातला एक व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या पुढच्या गठ्ठ्यात, घेतल्यावर. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक येतो, आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक थांबण्याचा प्रघात आहे. ब्लॉकमध्ये जाईपर्यंत तुम्ही स्वतःही तीच नोंद वापरून जास्त शुल्काचा नवा व्यवहार सही करून पहिल्याच्या जागी आणू शकता. पक्का झाल्यावर तो मागे घेण्याची सोय नाही, कारण मागे घ्यायचा आदेश देणारेच कोणी नाही.

हा मुद्दा सगळ्यात कठोरपणे दिसतो तो शब्द चोरीला गेल्यावर. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे : "वॉलेट पडताळणी" असे लिहिलेल्या बनावट पानावर कोणीतरी बारा शब्द टाकलेले असतात, आणि लक्षात आल्यावर त्या माणसाने घाईघाईने पिन बदललेला असतो, ॲप काढून पुन्हा टाकलेले असते, कधी फोनच बदललेला असतो. यातल्या कशाचाही उपयोग नसतो. चोराच्या फोनमध्ये त्याच शब्दांपासून तीच चावी तयार झालेली असते, आणि त्याची सही व तुमची सही यांत नोडला काहीही फरक दिसत नाही, कारण फरक नसतोच. मालक कोण, हा प्रश्न नेटवर्क विचारतच नाही. अशा वेळी एकच उपाय उरतो. नवे शब्द तयार करून नवे वॉलेट उघडायचे आणि चोराच्या आधी, भरपूर शुल्क देऊन, सगळी रक्कम तिकडे हलवायची. शुल्कात कंजूषी केली तर तुमचा व्यवहार ब्लॉकची वाट पाहत असताना चोर त्याच नोंदीवर जास्त शुल्काची सही करून तुम्हाला मागे टाकू शकतो. चावी बदलता येत नाही. पैसे दुसऱ्या चावीकडे नेता येतात.

चावी चोरल्याशिवायही ती उघडी पडू शकते, आणि ते सूत्रातल्या k मुळे. एकाच चावीने दोन सह्या करताना k तीच राहिली, तर दोन्ही सह्यांत r सारखाच येतो, आणि तो साखळीवर सगळ्यांना दिसतो. मग दोन समीकरणे आणि दोनच अज्ञात उरतात, आणि शाळेतल्या बीजगणिताने d बाहेर येतो. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या काढणाऱ्या भागातील दोषामुळे काही बिटकॉइन वॉलेटच्या बाबतीत नेमके हेच घडले आणि त्यातून पैसे चोरीला गेले. आता चांगली वॉलेट k यादृच्छिक काढत बसत नाहीत; RFC 6979 या जाहीर मानकानुसार ती प्रायव्हेट की आणि व्यवहाराच्या हॅशवरूनच ठरवतात, त्यामुळे वेगळ्या व्यवहाराला आपोआप वेगळी k मिळते. वापरणाऱ्याला यात काही करायचे नसते, पण कोणते वॉलेट निवडायचे याचा हा एक खरा निकष आहे.

यादृच्छिकपणात कसर राहिली की चावी उघडी पडते, याच कारणासाठी शब्द स्वतःच्या मनाने निवडू नयेत. यंत्राने काढलेल्या १२८ बिटांच्या शक्यता ३४ वर ३७ शून्ये इतक्या आहेत. एकेक करून त्या तपासत बसणे कोणालाही शक्य नाही. माणूस निवडतो तेव्हा आवडती ओळ, क्रमाने येणारे शब्द, एकच शब्द पुन्हापुन्हा असे काहीतरी निवडतो, आणि तेवढ्या शक्यता संगणक पटकन संपवतो.

आता फोन हरवल्यावर काय होते ते पाहू. नव्या फोनमध्ये शब्द टाकल्यावर वॉलेट वर सांगितलेले सगळे गणित पुन्हा करते, त्याच चाव्या आणि तेच पत्ते मिळवते, आणि मग त्या पत्त्यांच्या नोंदी साखळीत शोधते. फक्त या शेवटच्या कामासाठी इंटरनेट लागते, आणि तेव्हाही बाहेर जातात ते पत्ते किंवा पब्लिक की; शब्द जात नाहीत. पैसे "परत येत" नाहीत, ते साखळीवर होते तिथेच असतात. तुमच्या हातात सही करण्याची क्षमता परत येते.

शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसली, असे म्हणत येणारे लोक बरेच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे पैसे कुठेही गेलेले नसतात. पहिले कारण रस्त्याचे. जुन्या वॉलेटने 44' ची फांदी वापरली असेल तर त्याचे पत्ते 1 ने सुरू होतात, 49' चे 3 ने, 84' चे bc1q ने आणि 86' चे bc1p ने. नवे वॉलेट फक्त 84' वर शोधत असेल तर त्याला दुसऱ्या फांदीवरची रक्कम दिसणारच नाही. जुन्या पावतीत किंवा संदेशात तुमचा एखादा पत्ता सापडला, तर त्याचे पहिले अक्षर पाहूनच कोणती फांदी तपासायची ते कळते. दुसरे कारण, वॉलेट सहसा ओळीने २० न वापरलेले पत्ते लागले की शोध थांबवते. एखाद्याने बरेच पत्ते वाटून त्यातल्या पुढच्याच पत्त्यावर पैसे घेतले असतील, तर ही मर्यादा सेटिंगमधून वाढवावी लागते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. बारा शब्दांसोबत स्वतःचा एक जादा परवलीचा मजकूर जोडण्याची सोय BIP39 मध्ये आहे. तो २०४८ वेळच्या घुसळणीत मिसळला जातो, म्हणून त्यात एक अक्षर जरी वेगळे पडले, एखादी मोकळी जागा जास्त झाली किंवा लहान अक्षराऐवजी मोठे आले, तरी निराळेच सीड आणि निराळेच वॉलेट तयार होते. "चुकीचा पासवर्ड" असा इशारा कुठेच येत नाही, कारण तुलना करायला बरोबर उत्तर कोणाकडेच जपलेले नसते. दिसते ते एक रिकामे, पण पूर्णपणे वैध वॉलेट. बारा शब्दांतच चूक झाली असेल तर मात्र बहुधा इशारा मिळतो. शेवटचे ४ पडताळणी बिट सोळातल्या सरासरी पंधरा चुका पकडतात, आणि यादीतले सगळे शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता येत असल्यामुळे अस्पष्ट हस्ताक्षरातूनही शब्द बहुधा लावता येतो. तरी सोळात एक चूक निसटू शकते, आणि मग तेच होते : इशारा नाही, शिल्लक शून्य.

इथेरियमबद्दल विचारण्याआधीच सांगतो. शब्द, वक्ररेषा आणि सहीचे सूत्र तेच आहे, फक्त फांदी m/44'/60' ची आहे आणि तिथे नोंदींऐवजी खरोखरच खाती व शिल्लक असते. प्रत्येक खात्याचे व्यवहार क्रमांकाने मोजले जातात आणि तो क्रमांक सहीच्या मजकुरात असतो, म्हणून जुना सही केलेला व्यवहार कोणी पुन्हा चालवू शकत नाही. धोका निराळा आहे. तिथे सही फक्त पैसे पाठवण्यावर होत नाही. "या कराराला माझ्या खात्यातील अमुक टोकन हवे तितके काढू द्या" अशा परवानगीवरही ती होते, आणि करार म्हणजे इथे साखळीवर चालणारा प्रोग्राम. चावी अगदी सुरक्षित असूनही अशा एका सहीने खाते रिकामे होऊ शकते, आणि गणिताच्या दृष्टीने त्यात काहीच चुकलेले नसते.

म्हणून सही करण्याच्या क्षणी पडद्यावर काय दिसते ते वाचणे, पिन लपवून टाकण्याइतकेच महत्त्वाचे आहे. संगणकात शिरलेला एखादा प्रोग्राम कॉपी केलेला पत्ता चिकटवताना बदलून टाकतो, हा जुना प्रकार आहे. हार्डवेअर वॉलेटचा खरा उपयोग इथे दिसतो. त्याची चावी बाहेर येतच नाही. संगणक त्याला सही न केलेला व्यवहार देतो, ते स्वतःच्या छोट्या पडद्यावर पत्ता, रक्कम आणि शुल्क दाखवते, आणि बटण दाबल्यावर फक्त सही परत देते. तो पत्ता समोरच्याने वेगळ्या मार्गाने कळवलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा, आणि तोही सुरुवातीची व शेवटची चार अक्षरे पाहून सोडून न देता, कारण तेवढी अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम शोधून काढता येतात.

तुमच्या बाबतीत मी असे करेन. वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवण्याआधी पैसे घेण्याचा पहिला पत्ता कागदावर उतरवून घ्या, थोडी रक्कम त्यावर मागवा, मग ॲप पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करा. पहिला पत्ता अक्षरशः तोच आला आणि थोडी रक्कम तिथून दुसरीकडे पाठवता आली, तर शब्द, फांदी आणि जादा मजकूर असल्यास तोही, तिन्ही बरोबर उतरले आहेत. त्याच कागदावर वॉलेटचे नाव आणि फांदीचा रस्ता लिहून ठेवा, आणि जादा मजकूर वापरला असेल तर तो दुसऱ्या जागी, वेगळ्या कागदावर ठेवा.